तिसऱ्या तासाचं पेन

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पेन घ्यायला गेलात, तर काउंटरवर कागदांचा एक जुना गठ्ठा दिसतो. त्यावर निळ्या-काळ्या वेलांट्यांचं जाळं असतं. गिऱ्हाईक पेन उचलतं, त्या गठ्ठ्यावर चार गोल गोल गिरगोट्या मारतं, "मस्त चालतंय" म्हणतं आणि पैसे देतं. मीही आयुष्यभर असंच पेन घेतलं. माझी भाची केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी करायला लागली आणि तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं, तेव्हा कुठे मी पेनाकडे नीट पाहिलं. ती पेपर मराठीत लिहिणार होती. सरावाचा पहिला दीड तास छान जायचा. पुढे अक्षर विसकटायचं, आणि शेवटची चार-पाच उत्तरं तर तिची तिलाच वाचवत नसत.

दुकानातली गिरगोटी ही पेनासाठी सगळ्यात सोपी परीक्षा. हात ताजा असतो, रेघ गोल आणि अखंड असते, पेन एकदाही उचलावं लागत नाही. परीक्षेतलं लेखन याच्या अगदी उलट असतं. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांपैकी एकेका पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात. त्यातले दहा दीडशे शब्दांचे आणि दहा अडीचशे शब्दांचे, म्हणजे पूर्ण लिहायचं तर चार हजार शब्द. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी नऊ मिनिटं येतात आणि विचार करायचा वेळही त्यातच आला. सामान्य अध्ययनाचे चार पेपर दोन दिवसांत, सकाळी एक आणि दुपारी एक. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केल्यापासून तिथल्या मुलांवरही हीच वेळ आली आहे. तेव्हा पेन कसं आहे ते तिसऱ्या तासाला कळतं, पहिल्या ओळीला नाही.

भाचीच्या वहीचं एक पान मी उलटं केलं आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. अक्षरं मागे उठून आली होती, डोळे मिटून ओळी मोजता याव्यात इतकी. पुढची दोन पानंही दबलेली होती. दुखण्याचं कारण तिथेच हाताला लागलं. ती दाबून लिहीत होती, कारण तिचं पेन दाबल्याशिवाय लिहीतच नव्हतं.

ही गोष्ट समजून घ्यायची तर टोकात काय चालतं ते पाहावं लागेल. बॉलपेन काय किंवा जेल पेन काय, दोन्हींच्या टोकाला धातूच्या खोबणीत बसवलेली एक इवलीशी गोळी असते. बहुतेक चांगल्या पेनांत ती टंगस्टन कार्बाइडची असते. आपल्या लहानपणच्या पांढऱ्या दांडीच्या आणि निळ्या टोपणाच्या रेनॉल्ड्स ०४५ वर 'फाइन कार्ब्युर' असं छापलेलं असायचं, तो कार्ब्युर म्हणजे फ्रेंचमधलं कार्बाइड. गोळी कागदावर फिरते, मागून शाई घेते आणि पुढे कागदाला लावते. पेनावर ०.५ किंवा ०.७ असा जो आकडा असतो तो या गोळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. रेघेची जाडी त्यापेक्षा कमी भरते, आणि ती शाईनुसार बदलते. म्हणून ०.७ चं बॉलपेन कित्येकदा ०.५ च्या जेल पेनाइतकीच बारीक रेघ काढतं. निव्वळ आकडा बघून पेन घेणारे इथे फसतात.

खरा फरक शाईचा. साध्या बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असते. लास्लो बिरो यांनी १९३८ साली ब्रिटनमध्ये बॉलपेनाचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे छापखान्याची चटकन सुकणारी दाट शाई होती. आजही ती जातकुळी तशीच आहे. काकवी आठवा. कितीही ढवळली तरी ती काकवीच राहते, ओतायला जोर लागतो. ही शाई ओढून काढायला गोळी कागदावर दाबावी लागते. तो दाब अंगठा आणि पहिली दोन बोटं देतात, तीन तास, दर अक्षराला.

जेल शाईचा पाया पाण्याचा. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ साली ती 'जेली रोल' या पेनातून बाजारात आणली. या शाईची गंमत दह्यासारखी आहे. विरजलेलं दही भांड्यात घट्ट बसलेलं असतं, ढवळलं की सैल होतं. जेल शाईही नळीत घट्ट असते, पण गोळी फिरायला लागली की त्या घुसळण्याने गोळीभोवतीची शाई पातळ होऊन वाहते. गोळी थांबली की ती पुन्हा घट्ट होते, हे मात्र दह्याला जमत नाही. त्यामुळे पेन कागदावर टेकवून नुसतं ओढलं तरी गडद रेघ उमटते. दाब जवळजवळ लागतच नाही.

या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार आता आपल्याकडे सर्रास मिळतो, पण दुकानदार त्याला वेगळं नाव देत नाहीत. शाई तेलाचीच, पण पातळ केलेली. जपानमध्ये २००६ साली आलेलं मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचं जेटस्ट्रीम हे याचं नावाजलेलं उदाहरण. (मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशीशी या कंपनीचा संबंध नाही.) भारतीय कंपन्यांची 'स्मूद' म्हणून विकली जाणारी अनेक बॉलपेनं याच वाटेने गेलेली आहेत. पायलट व्ही-५ सारखी पेनं चौथ्या प्रकारात येतात. त्यांची शाई पाण्यासारखी पातळ असते आणि ती दांडीत मोकळी साठवलेली असते. हात त्यांच्यावर सगळ्यात हलका चालतो, पण कागद पातळ असेल तर शाई मागे फुटते.

इथवर ऐकून भाची म्हणाली, "मामा, मग जेलच घेऊ या ना, प्रश्न मिटला." मलाही तसंच वाटलं होतं. देवनागरीने मात्र आमचा हिशेब थोडा बदलला.

इंग्रजीत हात एका शब्दात अक्षराला अक्षर जोडत जातो. देवनागरीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला पेन उचलतो. आधी पोट, मग दांडी, मग काना किंवा वेलांटी, वर अनुस्वार, आणि शब्द झाला की मागे येऊन शिरोरेघ. 'विकेंद्रीकरण' एकदा लिहून पेन किती वेळा उचललं ते मोजा. मी दहाच्या पुढे गेलो. पेन उचललं की पुन्हा टेकताना त्याला नव्याने सुरुवात करावी लागते, आणि पेनाची खोड सुरुवातीलाच दिसते. घट्ट शाईचं स्वस्त बॉलपेन टेकल्यावर पहिला अर्धा मिलिमीटर कोरं जातं. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत अनुस्वार उमटतच नाही, मात्रेचा वरचा शेंडा गायब होतो, 'तें'चं 'ते' होतं. म्हणून दुकानात गिरगोटी मारू नका. दोन ओळी अनुस्वार आणि तुटक मात्रा काढा. पन्नास टिंबांपैकी किती उमटली ते मोजा. पन्नासपैकी पाच जरी कोरी गेली तरी ते पेन मराठी पेपरासाठी नको.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. देवनागरीत बंद पोटाची अक्षरं फार: भ, म, ख, ध, ण, क्ष. दांडी आणि शिरोरेघ जिथे भेटतात तिथे शाईवर शाई पडते. वाहत्या शाईचं आणि जाड टोकाचं पेन असेल तर ही पोटं बुजतात आणि घाईच्या अक्षरात 'भ' की 'म' हे तपासणाऱ्याला कळत नाही. म्हणून मराठी लिहिणाऱ्याने जेलमध्ये ०.५ च्या वर जाऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे. बॉलपेनात ०.७ चालतं, कारण तिथे रेघ पसरत नाही.

आम्ही चार पेनं निवडली. एक साधं घट्ट शाईचं ०.७ बॉलपेन, हे तिचं जुनंच. एक पातळ तेलकट शाईचं ०.७. दोन जेल पेनं, दोन्ही ०.५, पण एकाचं टोक शंकूसारखं निमुळतं आणि दुसऱ्याचं सुईसारखं लांब बारीक. दर दोन दिवसांआड एका पेनाने एक अख्खा पेपर लिहायचा, आयोगाच्या उत्तरपुस्तिकेसारख्या छापील कागदावर, घड्याळ लावून. पाहायच्या गोष्टी तीनच ठेवल्या. विसाव्या उत्तराचं अक्षर पहिल्याशेजारी ठेवून पाहायचं. पानाच्या मागे बोट फिरवायचं. आणि पेपर संपल्यावर पाच मिनिटांनी अंगठ्याचं मूळ दाबून पाहायचं.

साध्या बॉलपेनाचा निकाल आम्हाला माहीतच होता. सुईसारख्या टोकाच्या जेलने पहिला तास अतिशय सुबक दिला. इतकं रेखीव अक्षर तिचं मी कधी पाहिलं नव्हतं. पण ती थकली की पेन आडवं धरते, आणि पेन पार आडवं झालं की गोळीऐवजी खोबणीची धातूची कडाच कागदाला घासायला लागते. टोक खरखरू लागलं, कागदाचे तंतू त्यात अडकले आणि रेघ मधूनच जाड, मधूनच फिकी यायला लागली. तुम्हीही लिहिताना असा आवाज ऐकला असेल, बारीक कुरकुर. तो ऐकू आला की पेन थोडं उभं करा. कागदाशी साठ अंशांच्या आसपासचा कोन गोळीच्या पेनांना मानवतो. ज्यांचा हात मुळातच आडवा आहे, आणि डावखुरे, जे पेन ओढण्याऐवजी ढकलतात, त्यांनी सुईचं टोक टाळावं.

शंकूच्या टोकाच्या जेलने हात सगळ्यात कमी दुखला. पानामागे उठाव जवळजवळ नव्हता. एक गोष्ट मात्र खटकली. तिने पान उलटून लगेच पुढे लिहायला घेतलं की समोरच्या पानावर शेवटच्या ओळींचे डाग उमटत. जेल शाई सुकते ती पाणी कागदात मुरून आणि हवेत उडून. पावसाळ्याच्या दमट हवेत, आणि मुख्य परीक्षा नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास येते, या सुकण्याला जास्त वेळ लागतो. शेवटच्या दोन ओळी लिहिल्यावर एक क्षण थांबून मग पान उलटायची सवय तिला लावून घ्यावी लागली.

पातळ तेलकट शाईच्या बॉलपेनाने दुसरा नंबर मिळवला, आणि तोही अगदी थोडक्यात. दाब जेलपेक्षा थोडा जास्त लागला, पण जुन्या पेनापेक्षा पुष्कळ कमी. डाग नाहीत, मागे फुटणं नाही. विसावं उत्तर पहिल्यापेक्षा वाईट होतं, पण वाचता येत होतं.

आता शाई किती लागते हा प्रश्न. जेल पेन दर रेघेला बॉलपेनापेक्षा कित्येक पट शाई सोडतं, म्हणून त्याची रेघ गडद असते आणि म्हणूनच ते लवकर संपतं. मी एक खटाटोप केला. भाचीच्या नेहमीच्या आकारात लिहिलेल्या काही शब्दांवर शिवणाचा दोरा ठेवत गेलो, प्रत्येक रेघेवरून, शिरोरेघेसकट. चार अक्षरी शब्दाला आठ सेंटिमीटरच्या आसपास दोरा लागला. ती पेपरात प्रत्यक्षात तीन हजार शब्द लिहीत होती, म्हणजे एका पेपराला साधारण दोनशे चाळीस मीटर रेघ. जेलची रिफिल काही शे मीटर चालते. चारशे-पाचशे मीटरची धरली, तर एका दिवसाच्या दोन पेपरांतच ती तळाला जाते. बॉलपेन किलोमीटरच्या हिशेबात चालतं, त्यामुळे तिथे ही काळजी नसते. हे गणित ज्याने त्याने स्वतःच्या पेनावर करावं आणि त्याला दोराही लागत नाही. नव्या रिफिलवर शाईच्या पातळीला मार्करने खूण करा, एक पूर्ण सराव पेपर लिहा, पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर तुमच्या एका पेपराचं. आमच्या जेल रिफिलमध्ये ते निम्म्याच्या जरा पुढे गेलं. तेव्हा नियम ठरला: दर पेपराला पाऊण भरलेलं तरी पेन, आणि दुपारी सकाळचं पेन वापरायचं नाही.

पकडीबद्दल बाजारात फार बोललं जातं आणि नेमकं थोडं. रबराची गादी असली की पकड चांगली, असा समज आहे. गादीपेक्षा जाडी महत्त्वाची. अगदी बारीक दांडी धरायला बोटांना चिमटा घट्ट करावा लागतो, आणि चिमटा जितका घट्ट तितका अंगठ्याच्या मुळाशी ताण. मधल्या बोटाच्या पहिल्या पेराजवळ ज्यांना घट्टा पडला आहे त्यांनी थोडी जाड दांडी वापरून पाहावी. त्रिकोणी दांडी, रेनॉल्ड्स ट्रायमॅक्ससारखी, तीन बोटांना तीन बाजू देते आणि घामाने हातात फिरत नाही. ज्यांची पकड मुळात तीन बोटांची आहे त्यांना ती फार सुखाची. पण पुष्कळ जण अंगठा तर्जनीवरून पलीकडे गुंडाळून लिहितात. त्यांच्या बोटाखाली त्रिकोणाची धार येते आणि अर्ध्या तासात रुतते. त्यांनी गोल दांडीच घ्यावी.

गुळगुळीत आणि चकचकीत दांडी पावसाळ्यात घसरते. ती घसरू नये म्हणून हात आणखी आवळतो, आणि हलक्या शाईने वाचवलेला दाब पकडीत खर्च होतो. भाचीच्या बाबतीत हेच झालं होतं. जेल पेन देऊनही पहिल्या दिवशी अंगठा दुखलाच, कारण दांडी घसरत होती. त्याच रिफिलचं खरखरीत दांडीचं पेन घेतल्यावर दुखणं उतरलं. लिंक कंपनीच्या पेंटॉनिकसारख्या पेनांची अशी चकाकी नसलेली दांडी या कामाला बरी पडते, मात्र ती बारीक आहे हे लक्षात ठेवावं. रबराची गादी असलेलं पेन घेणार असाल तर ते नवं असावं. वर्षभर दप्तरात राहिलेलं रबर चिकट होतं. आणि टोपणाचं पेन असेल तर टोपण मागे लावून लिहू नका. त्या वजनाने पेनाचा तोल मागे जातो आणि ते पुढे टेकवून धरायला बोटं दर अक्षराला थोडी थोडी झगडतात. टोपण बाकावर ठेवावं.

कंपनी कोणती? याचं उत्तर मी नावाने देण्यापेक्षा भरवशाचा अर्थ सांगून देतो. परीक्षार्थीसाठी भरवसा म्हणजे त्याच नावाची दहा पेनं घेतली तर दहाही सारखी चालावीत. आपल्याकडे हे बऱ्यापैकी सांभाळणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत. मुंबईची फ्लेअर, कोलकात्याची लिंक, शिवाय सेलो आणि रेनॉल्ड्स. जपानी पेनांपैकी पायलट आपल्याकडे लक्सरच्या मार्फत रुळलं आणि युनिबॉल लिंकच्या. पेंटेलचं एनरजेल लवकर सुकणाऱ्या जेलसाठी ओळखलं जातं, डावखुऱ्यांनी ते जरूर पाहावं. महाग पेन घ्यायचं तर एक अट घाला, त्याची रिफिल तुमच्या गावात मिळायला हवी. परीक्षेच्या आठवड्यात पुण्याला माणूस पाठवून रिफिल मागवण्याची वेळ येऊ नये.

एकदा माझ्या हाती ओळखीच्या नावाची पाच जेल पेनं आली. खोक्याने स्वस्त मिळाली होती. दोन उत्तम चालली, दोन मधूनच थांबत, एक पहिल्याच दिवशी गळलं. दांडीवरची छपाई नखाने खरवडली तर सुटत होती. नकली माल होता. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो. नव्या जेल पेनाच्या टोकावर मेणाचा किंवा रबरी ठिपका शाबूत हवा. रिफिलच्या मागच्या टोकाला, शाईच्या वर, पारदर्शक वंगणाचा थर हवा. तो शाई वाळू देत नाही आणि मागे सरकू देत नाही. आणि शाईचा स्तंभ अखंड हवा, मध्ये हवेची फट नको.

ही हवेची फट हाच जेल पेनाचा सगळ्यात मोठा शत्रू. पेन टोकावर पडलं, किंवा भिंतीला कागद लावून टोक वर करून लिहिलं, की गोळीकडून हवा आत शिरते. मग रिफिल अर्धी भरलेली दिसते आणि पेन मात्र कोरं चालतं. झटकून, चोळून, गरम करून काही होत नाही. परीक्षेत त्यावर एक मिनिटही घालवू नका, पेन बदला. बॉलपेन थांबलं तर मात्र ते बहुतेकदा बरं होतं. टोक खोडरबरावर चार-पाच वेळा गोल फिरवायचं, तळव्यात रिफिल चोळून ऊब द्यायची. उन्हाळ्यात याच बॉलपेनाची उलटी तक्रार असते. शाई उबेने सैल होते, टोकाच्या कडेला जमते आणि वळणदार अक्षरानंतर अचानक गुठळी पडते. दर पानाला टोक रुमालाला पुसून घेतलं की गुठळी टळते.

आणखी एक प्रकार आहे ज्यात पेनाचा काहीच दोष नसतो. पानाच्या खालच्या भागात पेन अडकायला लागतं आणि मुलं घाबरून पेनं बदलत राहतात. त्या जागेवर इतका वेळ तळहात टेकलेला असतो आणि घामाचा तेलकटपणा कागदात गेलेला असतो. तेल लागलेल्या कागदाला पाण्याची जेल शाई धरत नाही. ओळखायची खूण सोपी. तेच पेन पुढच्या पानाच्या वरच्या ओळीवर चालवून पाहा. तिथे चाललं तर दोष कागदाचा. तळहाताखाली स्वच्छ रुमाल ठेवून लिहिलं की ही अडचण मुळातच येत नाही, फक्त रुमाल ठेवण्याआधी पर्यवेक्षकांना दाखवून घ्यावा.

रंगाचा विचार एका वाक्यात संपत नाही. पूर्वपरीक्षेच्या गोल भरायच्या उत्तरपत्रिकेला आयोग फक्त काळं बॉलपेन मागतो. तिथे जेल नकोच, भाचीने त्यासाठी वेगळं पेन ठेवलं. वर्णनात्मक पेपरला प्रवेशपत्रावरच्या आणि उत्तरपुस्तिकेवरच्या सूचना वाचून निळा की काळा ते ठरवावं. जिथे उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासली जाते, मुंबई विद्यापीठात २०१७ पासून ही पद्धत आहे, तिथे फिकी आकाशी निळी शाई पडद्यावर आणखी फिकी पडते. गडद निळी किंवा काळीच घ्यावी. आणि सोबतची जादा पेनं त्याच कंपनीची, त्याच रंगाची, त्याच आकड्याची असावीत. मध्येच पेन बदलावं लागलं तरी उत्तराचा रंग बदलत नाही आणि हाताला नव्या दांडीची सवय करावी लागत नाही.

भाचीने शेवटी शंकूच्या टोकाचं ०.५ जेल आणि खरखरीत दांडी हे ठरवलं, आणि प्रत्येक पेपराला एक पातळ शाईचं बॉलपेन जोडीला, आकृत्या आणि नकाशांसाठी, कारण आकृतीवर हात परत परत फिरतो आणि ओली शाई पुसली जाते. परीक्षेच्या आठ दिवस आधी तिने डझनभर पेनं एकदमच आणली. प्रत्येकाच्या टोकावरचा ठिपका काढून प्रत्येकाने एक एक पान लिहिलं. बारापैकी एक मधूनच कोरं जायचं, ते तिने बाजूला टाकलं. उरलेली अकरा तिने टोपण लावून, टोक खाली करून, स्टीलच्या पेल्यात उभी केली आणि पेला खिडकीपासून दूर, कपाटात ठेवला. रोज सकाळी त्यातली चार उचलून ती पाऊचमध्ये टाकायची, दोन सकाळची, दोन दुपारची.

पेपर संपल्यावर मी फोन केला तेव्हा तिला प्रश्न कसे होते ते विचारलंच नाही. अंगठा कसा आहे, एवढंच विचारलं. "मामा, विसावं उत्तर वाचता येतंय," ती म्हणाली.